स्क्रिप्ट म्हणते शून्य, ब्रोकर म्हणतो ८०: पोझिशनचा ताळा का चुकतो आणि कसा लावायचा

हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता लॉग उघडण्याआधीच अंदाज येतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये, मित्रांच्या स्क्रिप्टमध्ये, दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या स्क्रिप्टमध्येही. दर वेळी चित्र तेच: स्क्रिप्ट छान चालते आहे, लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही, आणि तरी तिच्या वहीतली पोझिशन आणि ब्रोकरकडची पोझिशन वेगळी.

लक्षणं

- हिशेबाप्रमाणे मार्जिन पुरेसं असायला हवं, तरी ऑर्डर अपुऱ्या मार्जिनमुळे नाकारली जाते.
- सगळं विकून झाल्यावरही खात्याच्या स्टेटमेंटमध्ये थोडीशी, विचित्र आकड्याची पोझिशन उरलेली दिसते.
- स्क्रिप्टने मोजलेला दिवसाचा नफा-तोटा आणि ब्रोकरने दाखवलेला यांत रोज थोडा फरक येतो, आणि तो एकाच दिशेने वाढत जातो.
- लाँग पोझिशन बंद करायला टाकलेल्या विक्रीमुळे खातं शॉर्ट होतं.
- स्क्रिप्ट बंद करून पुन्हा सुरू केली की तिचे आकडे बदलतात.

यातलं एकही लक्षण दिसलं तर आधी नव्या ऑर्डर थांबवा. आहेत त्या पोझिशन तशाच राहू द्या, त्यांच्यावरचे स्टॉप-लॉस चालू ठेवा, फक्त नवीन एंट्री बंद. ताळा लावत असताना खालची जमीन हलत राहिली तर तुम्ही दिवसभर भुताचा पाठलाग करत बसाल.

पहिली तपासणी: फरक खरा आहे का?

ही सर्वांत स्वस्त तपासणी. पाच मिनिटांचं काम, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

स्क्रिप्टची वही तुम्ही एका क्षणी वाचता आणि ब्रोकरकडची पोझिशन दुसऱ्या क्षणी. मधल्या वेळात एखादी ऑर्डर फिल झाली तर फरक दिसणारच, पण तो बिघाड नव्हे. म्हणून मी वाचन तीन टप्प्यांत करतो: आधी आपली वही, मग ब्रोकर, मग पुन्हा आपली वही. दोन्ही वेळचे आपले आकडे सारखे नसतील तर ते वाचन टाकून द्यायचं आणि पुन्हा करायचं. सारखे असतील आणि फरक दिसत असेल, तर दहा-पंधरा सेकंद थांबून आणखी एकदा. ज्या सिम्बॉलमध्ये ऑर्डर अजून बाजारात उभी आहे त्यात फरक दिसला तर लगेच आरडाओरडा करू नका, ऑर्डरचा निकाल लागू द्या. दोन्ही वाचनांत तोच सिम्बॉल, तोच आकडा आणि एकही ऑर्डर बाकी नाही, म्हणजे फरक खरा.

तुलना करणारा कोडही इथेच बघून घ्या. त्यात एक चूक मला इतक्या ठिकाणी सापडली आहे की मी आता तिथूनच सुरुवात करतो:

```python
def diff(ours, theirs):
    out = {}
    for s in set(ours) | set(theirs):
        d = theirs.get(s, 0) - ours.get(s, 0)
        if d != 0:
            out[s] = d
    return out
```

सगळी गोम तिसऱ्या ओळीत आहे. बहुतेक जण तिथे नुसतं `for s in ours` लिहितात. मग आपल्या वहीत नसलेला पण ब्रोकरकडे असलेला सिम्बॉल तपासलाच जात नाही. नेमकी तीच पोझिशन सर्वांत घातक, कारण तिच्यावर कोणाचीच नजर नाही आणि तिला स्टॉप-लॉसही नाही.

आणि एक: ब्रोकरकडून रिकामी यादी आली तर ती "काहीही नाही" असं समजू नका. लॉगिनची मुदत संपली, सर्व्हर अर्धवट उठला, चुकीचं खातं विचारलं, अशा वेळीही काही ठिकाणी एरर न येता रिकामी यादी येते. आपल्या वहीत पोझिशन असताना समोरून रिकामी यादी आली तर त्याचा अर्थ "माहीत नाही" एवढाच घ्यायचा.

दुसरी तपासणी: दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का?

इथे कोड फारसा लागत नाही, डोळे लागतात. फरकाचा आकडा कागदावर लिहा आणि त्याच्याकडे नीट बघा, तो बरंच सांगतो.

सगळ्या सिम्बॉलमध्ये फरक एकाच पटीत असेल तर एकक चुकलं आहे: एक बाजू लॉट मोजते, दुसरी नग. फरक आपल्या पोझिशनच्या बरोबर दुप्पट असेल तर चिन्ह बघा. काही ब्रोकर शॉर्ट पोझिशन उणे आकड्यात देतात, काही आकडा अधिकच ठेवतात आणि बाजू वेगळ्या रकान्यात लिहितात. फरक आख्ख्या एका ऑर्डरएवढा असेल तर ऑर्डर दोनदा गेली किंवा गेलेली नोंदवलीच नाही, याचा संशय घ्या. एका रात्रीत नग दुप्पट किंवा पाचपट झाले आणि तुम्ही काहीच केलं नसेल, तर कंपनीने शेअरचं विभाजन केलं का किंवा बोनस दिला का ते पाहा. अपूर्णांकात व्यवहार होणाऱ्या मालमत्तेत अगदी बारीक फरक येत असेल, तर शुल्क त्याच मालमत्तेतून कापलं जातंय का ते बघा. १ विकत घेतलं आणि खात्यात ०.९९९ आलं, हा प्रकार तोच.

आणि फरक जर ८०, ४०, १५ असा ओबडधोबड असेल, कोणत्याच ऑर्डरशी न जुळणारा, तर तो जवळजवळ नेहमी अर्धवट फिलचा असतो. त्याच्याकडे पुढे सविस्तर येतो.

तिसरी तपासणी: दुसऱ्या कोणी हात लावला का?

ब्रोकरचं ऑर्डर बुक उघडा आणि आपल्या स्क्रिप्टचा टॅग नसलेल्या ऑर्डर शोधा. मोबाइलवरून घाईत बंद केलेली एखादी पोझिशन, त्याच खात्यावर चालणारी जुनी स्क्रिप्ट, मार्जिन कमी पडलं म्हणून ब्रोकरने स्वतः केलेली विक्री, हे सगळं तिथे दिसतं. यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या स्वतःच्या एका "गूढ" फरकामागे मीच होतो, आदल्या दिवशी फोनवरून.

तुमची स्क्रिप्ट ऑर्डरवर स्वतःचा टॅग लावतच नसेल, तर ताळा लावणं इथेच अडखळतं. ब्रोकरच्या एपीआयमध्ये ऑर्डरसोबत स्वतःचा क्रमांक पाठवायची सोय असेल तर ती वापरा. तो क्रमांक ऑर्डर पाठवण्याआधी डिस्कवर लिहा, पाठवल्यानंतर नव्हे. उत्तर यायच्या आधीच जोडणी तुटली, तर ऑर्डर पोचली की नाही हे शोधायला तेवढा एकच धागा हातात असतो. तो न शोधता सरळ पुन्हा ऑर्डर टाकणाऱ्या स्क्रिप्टच आख्ख्या एका ऑर्डरएवढा फरक निर्माण करतात.

चौथी तपासणी: व्यवहार व्यवहाराशी लावून बघा

इथून पुढे मेहनत आहे. पोझिशन म्हणजे शेवटी बेरीज, आणि बेरीज चुकली हे कळून ती कुठे चुकली ते कळत नाही. त्यासाठी ब्रोकरकडून त्या सिम्बॉलचे सगळे फिल मागवा आणि आपल्या वहीतल्या फिलशी फिलच्या क्रमांकावरून जोडा. वेळ आणि भाव जुळवत बसू नका. एकाच सेकंदात एकाच भावाने दोन वेगळे फिल होऊ शकतात, आणि तुमचं घड्याळ व ब्रोकरचं घड्याळ एकच वेळ दाखवेल याचीही खात्री नाही.

जोडल्यावर तीन ढीग पडतात. दोन्हीकडे असलेले फिल बाजूला ठेवा, त्यांत फक्त नग आणि बाजू सारखी आहे ना एवढं पाहा. फक्त आपल्याकडे असलेला किंवा आपल्याकडे दोनदा नोंदलेला फिल सापडला, तर जोडणी तुटून पुन्हा लागताना आलेले जुने संदेश आपण नव्याने मोजले का ते बघा. फिक्स प्रोटोकॉलवर असाल तर असे संदेश `PossDupFlag` लावून येतात. फिलचा क्रमांक वहीत एकदाच बसेल अशी अट डेटाबेसमध्येच घाला, हा प्रकार बंद होतो. क्वचित एक्स्चेंज झालेला व्यवहार रद्दही करतं, तेव्हा आपल्याकडे फिल असतो आणि ब्रोकरने तो काढून टाकलेला असतो.

तिसरा ढीग, म्हणजे फक्त ब्रोकरकडे असलेले फिल, हा खरा गुन्हेगारांचा अड्डा. पण त्याआधी यादी पूर्ण आली का ते तपासा. पुष्कळ एपीआय एका वेळी ठरावीकच ओळी देतात आणि पुढचं पान वेगळं मागावं लागतं. पहिल्या पानावरच थांबलात तर उलटाच गोंधळ होईल: आपल्याकडचे खरे फिल ब्रोकरकडे नाहीत असं वाटेल.

ते ८० नग

आता प्रत्यक्ष एक प्रकरण. माझ्याच स्क्रिप्टचं आहे. लक्षण पहिलंच होतं: हिशेबात मार्जिन होतं, तरी ऑर्डर नाकारली गेली. ब्रोकरकडे पाहिलं तर तीन सिम्बॉलमध्ये ८०, ४० आणि १५ नग पडून होते. माझ्या वहीत तिन्ही शून्य. ८० वाल्याचा माग काढला, तर ब्रोकरचे संदेश आणि माझा लॉग शेजारी ठेवल्यावर हे दिसलं:

```
10:42:05.1  order sent        BUY 500
10:42:06.3  fill 200          total 200
10:42:19.8  fill 120          total 320
10:42:35.1  cancel sent
10:42:35.4  fill 80           total 400
10:42:35.6  cancelled         filled 400
```

स्क्रिप्टचा नियम असा होता की ३० सेकंदांत ऑर्डर पूर्ण झाली नाही तर उरलेली रद्द करायची. ती विनंती निघाली ३५.१ ला. पण विनंती म्हणजे रद्द होणं नव्हे. ती एक्स्चेंजपर्यंत पोचेपर्यंत ऑर्डर जिवंतच असते, आणि त्या अर्ध्या सेकंदात आणखी ८० नग मिळाले. बाजाराने काही चुकीचं केलं नाही, ब्रोकरनेही नाही.

चूक माझी. रद्द करण्याची विनंती पाठवल्याबरोबर मी ती ऑर्डर चालू ऑर्डरच्या यादीतून काढून टाकत होतो. मग ८० चा फिल आला तेव्हा कोडला ती ऑर्डर सापडली नाही. अशा वेळी काय करायचं? मी कधीतरी लिहून ठेवलं होतं: "अनोळखी ऑर्डर, दुर्लक्ष". तेही साध्या माहितीच्या पातळीवर, म्हणजे लॉगमध्ये ना पिवळी ओळ ना लाल. शेवटच्या संदेशात ब्रोकर स्पष्ट सांगत होता की एकूण ४०० मिळाले, पण त्यातला आकडा मी वाचतच नव्हतो, फक्त "रद्द" हा शब्द वाचत होतो.

संध्याकाळी स्क्रिप्टने ३२० विकले, वहीत शून्य केलं आणि शून्य झाला म्हणून तो सिम्बॉल वहीतून काढून टाकला. ताळा लावणारा कोड फक्त वहीतले सिम्बॉल बघणारा, वर सांगितलेला. त्यामुळे त्याने ते ८० नग कधी पाहिलेच नाहीत. एका चुकीने भोक पाडलं आणि दुसरीने त्यावर गालिचा अंथरला. पैकी एकच असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. रद्द करायला सांगितलेली ऑर्डर "रद्द होत आहे" अशा अवस्थेत ठेवली आणि ब्रोकरचा अंतिम संदेश येईपर्यंत तिचे फिल घेत राहिलो. अंतिम संदेश आला की त्यातला एकूण आकडा आणि आपण जमवलेली बेरीज जुळते का ते तपासायचं, न जुळल्यास त्या ऑर्डरचे फिल नव्याने मागवायचे. फिक्समध्ये हे आकडे `CumQty` आणि `LeavesQty` म्हणून येतात. रद्द झालेल्या ऑर्डरचा `LeavesQty` शून्य होतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. किती मिळाले ते `CumQty` सांगतो. आणि तिसरं, अनोळखी ऑर्डरचा फिल आला तर दुर्लक्ष नाही: तो वेगळ्या तक्त्यात लिहायचा, एंट्री थांबवायच्या आणि मला संदेश पाठवायचा.

तोच क्रम मी चाचणीत टाकून ठेवला आहे, रद्द करण्याची विनंती आणि तिचा निकाल यांच्या मध्ये एक फिल घुसवून. कोडमध्ये काहीही बदललं की आधी ती चाचणी ४०० म्हणते का ते बघतो.

वही कशी दुरुस्त करायची

फरक सापडला की सगळ्यांचा हात पहिल्यांदा एकाच गोष्टीकडे जातो: वहीतला आकडा खोडून ब्रोकरचा लिहायचा. तसं करू नका. खोडलेल्या आकड्याबरोबर पुरावाही जातो आणि पुढच्या आठवड्यात तोच फरक परत येतो. हरवलेले फिल सापडले असतील तर ते त्यांच्या खऱ्या क्रमांकासह आणि खऱ्या वेळेसह वहीत घाला, म्हणजे बेरीज आपोआप बरोबर येईल. विभाजन किंवा बोनस असेल तर "समायोजन" अशी वेगळ्या प्रकारची नोंद करा, कारण लिहा, आणि सरासरी भावही त्याच प्रमाणात बदला. नग दुप्पट झाले आणि भाव जुनाच राहिला, तर स्टॉप-लॉस भलत्याच ठिकाणी लागेल.

स्क्रिप्टला स्वतःहून फरक मिटवायला लावायचं का? मी एकदा लावलं होतं. ब्रोकरकडून काही सेकंद रिकामी यादी आली, स्क्रिप्टला वाटलं आपल्याकडे काहीच नाही, आणि तिने सगळ्या पोझिशन "परत" विकत घेतल्या. दुप्पट झालेलं ते सगळं हाताने उतरवायला मला दुपार गेली. तेव्हापासून माझी स्क्रिप्ट फरक शोधते, थांबते, कळवते. ऑर्डर टाकून फरक मिटवत नाही. ताळा मात्र ती सुरू होताना, दर मिनिटाला आणि बाजार बंद झाल्यावर लावते. सुरू होतानाचा ताळा जुळल्याशिवाय एकही ऑर्डर जात नाही.

कुठे थांबायचं

ब्रोकरच्या फिलची बेरीज आणि ब्रोकरचीच पोझिशन एकमेकांशी जुळत नसेल, सुरुवातीची शिल्लक, विभाजन-बोनस आणि सेटलमेंट धरूनही, तर तुमच्या कोडमध्ये शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. तिथे थांबा आणि ब्रोकरच्या ट्रेड डेस्कला फोन करा. हाताशी सिम्बॉल, ऑर्डर क्रमांक, फिल क्रमांक आणि वेळेचा पट्टा ठेवा. फोनवर जे ठरेल ते लेखी मागून घ्या. एक्स्चेंजने रद्द केलेला व्यवहार, आपण न टाकलेली ऑर्डर, खात्यात अचानक दिसलेली शॉर्ट पोझिशन, यांनाही हेच लागू. शॉर्ट पोझिशनच्या बाबतीत तर आधी फोन, मग तपास. ती नक्की आपलीच आहे याची खात्री नसताना विकत घेऊन बंद करायला गेलात आणि ती मुळात दाखवण्यातली चूक निघाली, तर नकळत नवी लाँग पोझिशन गळ्यात पडते.

न टाकलेली ऑर्डर खरोखरच परकी वाटत असेल, तर फोनआधी एपीआयची किल्ली रद्द करा आणि पासवर्ड बदला.

दुसरी मर्यादा कोडची. स्क्रिप्ट एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालते, वहीत दोन जागांहून लिहिलं जातं, आणि तोच क्रम पुन्हा चालवल्यावर फरक कधी येतो, कधी येत नाही, असं दिसलं तर अंदाजाने लॉक टाकत सुटू नका. हे काम ज्याने समांतर कोड पूर्वी सांभाळला आहे त्याच्याकडे द्या. तोपर्यंत स्क्रिप्ट कागदी व्यवहारांवर चालवा, आणि उघड्या पोझिशन ब्रोकरच्या स्क्रीनवरून, हाताने सांभाळा.